पहिला वाढदिवस : घड्याळ बाळाचे, कार्यक्रम आपला

आपल्या वसाहतीत महिन्याला एखाद्या तरी घरी बाळाचा पहिला वाढदिवस असतो. निमंत्रण येते, आपण अहेराचे पाकीट घेऊन जातो आणि बहुतेक ठिकाणी एकच दृश्य पाहतो. पत्रिकेत वेळ सायंकाळी सातची, पाहुणे जमतात साडेआठला, केक कापला जातो साडेनवाला आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे ते बाळ रडून रडून लाल झालेले असते. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते पोटात दुखत असेल. प्रत्यक्षात त्याला झोप आलेली असते, एवढेच.

हे मी दुसऱ्यांची उणीव काढण्यासाठी लिहीत नाही. २००८ च्या डिसेंबरात माझ्या थोरल्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला, तेव्हा मीही हेच केले. बँकेतले सहकारी, गावाकडची मंडळी, चाळीतले शेजारी मिळून दीडशे लोकांना आमंत्रण दिले. हॉल संध्याकाळी सहानंतरच मिळत होता, म्हणून वेळ सातची ठेवली. व्हिडिओ शूटिंगवाल्याने हॅलोजनचा दिवा तोंडासमोर धरला आणि मुलीने जो टाहो फोडला, तो ती थकून झोपेपर्यंत थांबला नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांनी तिला खांद्यावर घेतले आणि ती तिथेच झोपली. पुढे २००९ च्या ऑगस्टमध्ये अण्णा गेले. अण्णा आणि नात यांचा त्या दिवसाचा एकच फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. त्यात मुलीची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा पहिला वाढदिवस आला. त्या वेळी मी तिला म्हटले, "या खेपेला हॉलच्या वेळेवरून कार्यक्रम ठरवायचा नाही, बाळाच्या झोपेवरून ठरवू." आम्ही तो कसा ठरवला, हे क्रमाने सांगतो. म्हणजे वाचकांना आपापल्या घरी त्यात फेरफार करून घेता येतील.

आधी झोपेची नोंद

वर्षाच्या मुलाला चोवीस तासांत, दिवसाची झोप धरून, सर्वसाधारणपणे ११ ते १४ तास झोप लागते. या वयात बहुतेक मुले दिवसातून दोनदा झोपतात, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी. सकाळची झोप सुटून एकच मोठी दुपारची झोप राहते ती साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास. एका झोपेतून उठल्यापासून पुढच्या झोपेपर्यंत मूल तीन ते चार तास नीट जागे राहू शकते. त्यापलीकडे ते ओढले की बिघाड सुरू होतो.

हे झाले सर्वसाधारण. आपले बाळ नेमके केव्हा झोपते हे पाहण्यासाठी बहिणीने चार दिवस एका जुन्या वहीत नोंद ठेवली. चार दिवसांत पाच-दहा मिनिटांचाच फरक पडला. चित्र असे निघाले : सकाळी साडेसहाला उठणे, पावणेदहा ते पावणेअकरा पहिली झोप, दोन ते साडेतीन दुसरी झोप आणि रात्री आठला झोपणे.

आता यातून कार्यक्रमाची वेळ काढायची. साडेतीनला उठल्यावर पहिला अर्धा तास मूल थोडे चिडचिडे असते. त्याला कोणी अनोळखी माणसाने उचललेले आवडत नाही, आईच्या कुशीत बसायचे असते. मग दूध किंवा थोडे खाणे आणि कपडे बदलणे, यात आणखी पाव तास जातो. म्हणजे सव्वाचार ते सहा हा त्याचा सर्वांत चांगला काळ. सहानंतर उतार लागतो आणि साडेसहाला ते घरी असलेले बरे. केक, फोटो, सर्वांच्या भेटी, जे काही बाळाच्या उपस्थितीत व्हायचे ते या पावणेदोन तासांत बसवायचे. बाकीचे, म्हणजे गप्पा आणि खाणे, बाळाशिवायही होऊ शकते.

येथे दोन चुका होतात, दोन्ही मी केलेल्या आहेत. पहिली चूक म्हणजे, "आज दुपारी उशिरा झोपवू, म्हणजे संध्याकाळी ताजी राहील." वेळ टळली की मूल उशिरा झोपत नाही, ते झोपतच नाही, किंवा वीस मिनिटे डुलकी काढून रडत उठते. वेळ थोडी सरकवायचीच असेल तर आठवडाभर आधीपासून रोज दहा-दहा मिनिटे सरकवावी लागते. दुसरी चूक त्या दिवशी घरात चाललेल्या धावपळीची. दुपारी दोनला फुगे फुगवणे, फर्निचर सरकवणे, मावश्यांचे येणे सुरू झाले की झोप गेलीच. आम्ही त्या दिवशी जेवण आटोपताच बहिणीला व बाळाला शेजारच्या खोलीत पाठवले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आपली खोली दीड तासासाठी दिली होती. दाराला कडी लावली आणि बाहेर कोणी बेल वाजवू नये म्हणून एक मुलगा बसवला.

झोप अनावर झाली आहे हे ओळखायच्या खुणा ठाऊक असाव्यात. प्रथम मूल एकाच ठिकाणी टक लावून पाहू लागते आणि बोलावले तरी मान वळवत नाही. मग डोळे चोळणे, कान ओढणे, कडेवर घेणाऱ्याच्या खांद्यावर तोंड घासणे. या वेळी बाजूला नेले तर दहा मिनिटांत शांत होते. ही वेळ चुकली की उलटे होते. मूल एकदम चेकाळल्यासारखे हसते, हात-पाय झाडते आणि नातेवाईक म्हणतात, "बघा, किती रंगात आलंय!" तो रंग नसतो, तो थकवा असतो. यानंतर पाठीची कमान करून रडणे येते आणि ते लवकर आटोक्यात येत नाही.

बाळ दिवसातून एकदाच, समजा साडेबारा ते अडीच, झोपत असेल तर सकाळी दहा ते साडेअकरा हीदेखील उत्तम वेळ आहे. आपल्याकडे सकाळचा वाढदिवस फारसा कोणी करत नाही, पण नाश्त्याला बोलावले तर खर्चही कमी होतो.

पाहुणे किती

बहिणीचा वाढदिवसाचा खरा वार बुधवार होता. त्या दिवशी घरच्या घरी वंदना घेतली आणि खीर केली. कार्यक्रम त्यापुढच्या रविवारी ठेवला. बाळाला तारीख कळत नाही आणि कामाच्या दिवशी साडेचारला कोणी येऊ शकत नाही. वेळ लवकरची ठेवायची तर सुट्टीचा वार हवाच.

पहिली यादी झाली १४० नावांची. मी तिला सांगितले, यादीला कात्री लावण्याआधी हॉल मोज. सोसायटीचा हॉल २० फूट बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. केकचे टेबल, खाण्याचे टेबल आणि ये-जा करायची वाट यांना दीडशे चौरस फूट सोडले तर उरतात साडेचारशे. खुर्ची टाकून माणूस सैल बसायचा तर दहा चौरस फूट लागतात. म्हणजे ४५ माणसे. याहून जास्त बोलावली तर लोक उभे राहतात आणि उभे राहिलेले लोक बाळाभोवती कडे करतात.

या कड्याचीच बाळाला भीती वाटते. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलांना अनोळखी चेहऱ्यांचे भय वाटू लागते आणि वर्षाच्या सुमारास ते बऱ्यापैकी असते. हा हट्ट नव्हे. आपली माणसे कोणती आणि परकी कोणती हे मेंदूला समजू लागल्याची ती खूण आहे. अशा वेळी पन्नास माणसांनी आळीपाळीने गाल ओढले तर ते रडणारच. जी मावशी दर आठवड्याला येते तिच्याकडे ते हसत जाते, आणि गावाहून वर्षाने आलेल्या सख्ख्या आत्याकडे जात नाही. त्यात आत्याचा अपमान नसतो, पण हे तिला आधी सांगून ठेवावे लागते.

म्हणून यादीचे दोन भाग केले. पहिल्या भागात आजी-आजोबा, मामा, काका, आत्या, मावशी आणि त्यांची मुले, एकूण १६ जण. त्यांना सव्वाचारला बोलावले. दुसऱ्या भागात शेजारी आणि मित्रमंडळी, २९ जण. त्यांना पाचची वेळ दिली. बाळ आधी ओळखीच्या सोळा जणांत रुळले, मग गर्दी हळूहळू वाढली. सासूबाईंना उरलेल्या ९५ नावांची काळजी होती. त्यातल्या कार्यालयातल्या लोकांना दुसऱ्या दिवशी पेढे दिले आणि गावाकडच्या मंडळींना मे महिन्यात बाळ घेऊन भेटून यायचे ठरले. तसे ती जाऊनही आली. एक-दोघे रुसले, पण पुढे बोलू लागले.

पत्रिकेत वेळेपुढे एक ओळ मुद्दाम टाकली : "केक बरोबर ५ वाजून १० मिनिटांनी कापला जाईल. बाळ सहा वाजता झोपण्याच्या तयारीला लागेल." ही ओळ वाचून काही जण हसले, पण आले वेळेवर. आणि ज्यांना उशीर झाला त्यांच्यासाठी थांबायचे नाही, हे घरातल्या सर्वांनी आधीच कबूल केले होते. एका पाहुण्यासाठी वीस मिनिटे थांबलो की ती वीस मिनिटे बाळाच्या चांगल्या काळातून जातात.

केक

केकचा हिशेब सोपा आहे. बरोबर समोसा, वेफर्स असतील तर माणशी ६० ग्रॅमचा तुकडा पुरतो. ४५ माणसांचे होतात २ किलो ७०० ग्रॅम, म्हणजे तीन किलो. पण तीन किलोचा एकच मोठा केक मागवू नये. तो फ्रीजमध्ये मावत नाही, टेबलावर तासभर उघडा राहतो, आणि मलईचा केक उन्हाळ्यात तासाभरात पाणी सोडू लागतो व बिघडतोही. आम्ही एक किलोचा सजवलेला केक कापण्यासाठी आणि दोन किलोचा साधा, चौकोनी केक वाटण्यासाठी मागवला. साधा केक आधीच तुकडे करून फ्रीजमध्ये ठेवला होता. इकडे फोटो चालू असतानाच तिकडे बश्या भरल्या गेल्या आणि कोणी ताटकळले नाही.

हा झाला पाहुण्यांचा केक. बाळाचा वेगळा असावा. दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर मुलांना देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मलईचे बोट एकदा जिभेला लागले तर काही बिघडत नाही, परंतु पंचेचाळीस माणसे एकेक बोट चाटवतात तेव्हा रात्री बाळाचे पोट बिघडते. बहिणीने बाळासाठी वाफवलेला छोटा केक केला : एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, दोन पिकलेली केळी कुस्करून, दोन चमचे तेल. वीस मिनिटे भिजवून, शेवटी पाव चमचा खाण्याचा सोडा घालून, दोन वाट्यांत इडलीसारखे वाफवले. साखर नाही, मीठ नाही. चाटवायचे ते यातलेच, आणि चाटवायचे आई-वडील व आजी-आजोबा यांनीच, हा नियम.

यातली प्रत्येक वस्तू बाळाने आधी खाल्लेली होती, हे महत्त्वाचे. अंडे, शेंगदाणे, काजू यांपैकी जे अजून दिलेले नाही ते वाढदिवसाच्या दिवशी प्रथम देऊ नये. अंगावर पुरळ उठले किंवा ओठ सुजले तर त्या गर्दीत कशाने झाले ते कळत नाही. तसेच अख्खे दाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे, केकवरचे चंदेरी मणी हे सारे घशात अडकणारे आहे. मोठ्या मुलांच्या हातातून ते बाळाच्या हातात जाते, म्हणून बाळ रांगते त्या सतरंजीवर खाण्याच्या बश्या येऊ देऊ नयेत. फुटलेल्या फुग्याचा तुकडाही तितकाच घातक असतो. तो लगेच उचलावा.

मेणबत्ती एकच लावली आणि ती बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवली. वर्षाच्या मुलाला फुंकर मारता येत नाही, ते ज्योतीला हात घालते. हल्ली केक कापताना बर्फासारखा फेस उडवणारे फवारे मारतात. त्यांतला वायू पेट घेणारा असतो आणि मेणबत्तीवर तो उडाला तर क्षणात भडका होतो. रस्त्यावरचे फुगेवाले काही वेळा फुग्यात हायड्रोजन भरतात, तोही तसाच. आम्ही या दोन्ही गोष्टी हॉलमध्ये येऊ दिल्या नाहीत. तोंडाने फुगवलेले फुगे वर, पंख्यापासून दूर बांधले.

फोटो

आता माझ्या मनातल्या मुख्य गोष्टीकडे येतो. फोटो केक कापताना काढायचे, अशी आपली समजूत असते. खरे तर त्या वेळी सर्वांत वाईट फोटो निघतात. सगळे वाकलेले असतात, वीस हात मध्ये असतात आणि बाळ वर लावलेल्या फुग्यांकडे पाहत असते. चांगले फोटो केकच्या आधी, बाळ ताजे असताना काढावेत.

आम्ही कागदावर सातच फोटोंची यादी केली. आई-वडिलांबरोबर, आईच्या आईबरोबर, वडिलांच्या आई-वडिलांबरोबर, भावंडांबरोबर, सोळा जणांचा एकत्र, बाळाचा एकट्याचा आणि शेवटी केक. आजी-आजोबांचे फोटो सर्वांत आधी घेतले, कारण बाळ थकेल तर यादीचे शेपूट तुटावे, डोके नव्हे. एका भाच्याकडे फक्त हेच काम दिले. यादी त्याच्या खिशात आणि फोन त्याच्या हातात. त्याने आदल्या रात्री फोनमधली जागा रिकामी करून ठेवली होती. ऐन वेळी 'जागा संपली' असे फोनने सांगितल्याचा अनुभव अनेकांना असेल.

उजेडाची एकच गोष्ट लक्षात ठेवली. खिडकीकडे पाठ करून उभे राहिले की चेहरे काळे येतात. खिडकीकडे तोंड करून, पण थेट उन्हात न येता उभे राहिले की चेहरे स्वच्छ येतात आणि फ्लॅश लागत नाही. फ्लॅशने बाळ डोळे मिटते, दोन-तीनदा झाला की रडते. फेब्रुवारीत पाचच्या आत हा उजेड मिळतो, सातला मिळत नाही. वेळ लवकरची ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. बाळाने कॅमेऱ्याकडे पाहावे म्हणून दहा जणांनी दहा दिशांनी टाळ्या वाजवू नयेत. फोटो काढणाऱ्याच्या मागे एकट्या आईने उभे राहून हाक मारावी. आई फोटोत असेल तर आजीने.

नवा जरीचा झब्बाही केकपुरताच ठेवला. टोचणारे कपडे घातले की बाळ पंधरा मिनिटांत कुरकुरते. फोटो झाले की लगेच सुती झबले घातले.

प्रत्यक्षात काय झाले

सव्वाचारला जवळची मंडळी आली. साडेचारला वंदना झाली, त्रिशरण-पंचशील मिळून दहा मिनिटे. पावणेपाच ते पाच सहा फोटो झाले. सोळा जणांच्या फोटोत एक काका डुलक्या घेताना आले, ते असो. पाच दहाला केक कापला. सहाला दहा कमी असताना बाळाने कान ओढायला सुरुवात केली. बहीण त्याला घेऊन कोणाचाही निरोप न घेता वर गेली. पाहुणे सात वाजेपर्यंत खात-बोलत बसले. बाळ त्या दिवशी आठऐवजी साडेसातलाच झोपले.

सारेच ठरल्याप्रमाणे होईल असे नाही. दुपारची झोप मोडली किंवा थोडा ताप आला तर काय करायचे, तेही ठरवून ठेवले होते. बाळाला हॉलमध्ये आणायचेच नाही, आजीने केक कापायचा, आणि कुटुंबाचे फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या झोपेनंतर घरी काढायचे. वर्षाच्या सुमारास एखादी लस ठरलेली असेल तर कार्यक्रमासाठी ती पुढे ढकलू नये. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, म्हणून तारीख पाहून कार्यक्रमाचा रविवार निवडावा.

बहिणीच्या घरी भिंतीवर त्या दिवसाचा फोटो आहे. आजोबांच्या मांडीवर बाळ बसले आहे आणि दोघेही समोर पाहत आहेत. आमच्या घरी अण्णांचा फोटो आहे, त्यात मुलीची पाठ दिसते. ती आता मोठी झाली आहे आणि कधीतरी विचारते, "बाबा, अण्णा माझ्याकडे बघून हसायचे का?" मी हो म्हणतो. तसा ते रोजच हसत. त्या एका संध्याकाळी मात्र मी वेळ चुकवली.